विद्युत द्विध्रुव: दोन रेषांवरचे क्षेत्र आणि त्याला बसणारा पीळ

पाण्याच्या रेणूवरचा एकूण विद्युत प्रभार शून्य असतो. जितका धन, तितकाच ऋण. तरीही या रेणूभोवती विद्युत क्षेत्र असते, कारण त्यातले धन आणि ऋण प्रभार नेमके एकाच जागी बसलेले नसतात. ऑक्सिजनचा अणू सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतो, त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण होते आणि दोन हायड्रोजनांची बाजू तेवढीच धन होते. सारख्या मूल्याचे पण विरुद्ध जातीचे दोन प्रभार एकमेकांपासून थोड्या अंतरावर असले, की त्या जोडीला विद्युत द्विध्रुव म्हणतात.

नुसती ओढाताण असून भागत नाही, रेणूचा आकारही तसा लागतो. कार्बन डाय-ऑक्साइडमध्येही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतोच. पण तिथे दोन ऑक्सिजन कार्बनच्या दोन बाजूंना एका सरळ रेषेत असतात, त्यामुळे दोन्हीकडची ओढ एकमेकींना खोडून काढते आणि रेणू द्विध्रुव म्हणून उरत नाही. पाण्याचा रेणू मात्र मधोमध वाकलेला असतो. दोन हायड्रोजनांमधला कोन सुमारे 104.5 अंशांचा. या वाकण्यामुळेच त्याला एक धन टोक आणि एक ऋण टोक मिळते.

द्विध्रुव किती ‘जोरकस’ आहे हे दोन गोष्टींवर ठरते: प्रभार किती आणि ते एकमेकांपासून किती दूर. प्रत्येक प्रभाराचे मूल्य q आणि दोघांमधले अंतर 2a असेल, तर त्यांच्या गुणाकाराला द्विध्रुव परिबल म्हणतात: p = q × 2a. याला दिशाही असते आणि भौतिकशास्त्रात ती ऋण प्रभाराकडून धन प्रभाराकडे धरतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत रेणूवर जो बाण काढतात तो बहुधा याच्या उलट, म्हणजे धन बाजूकडून ऋण बाजूकडे असतो. बारावीच्या वर्गात एका तासाला एक बाण आणि पुढच्या तासाला दुसरा, असा प्रकार होतो आणि उत्तराचे चिन्ह चुकते. या लेखात बाण ऋणाकडून धनाकडे आहे.

पाण्याच्या एका रेणूचे द्विध्रुव परिबल सुमारे 6.2 × 10⁻³⁰ कूलोम-मीटर भरते. इतके लहान आकडे रोज लिहिणे गैरसोयीचे, म्हणून रेणूंसाठी ‘डिबाय’ हे एकक वापरतात. एक डिबाय म्हणजे सुमारे 3.34 × 10⁻³⁰ कूलोम-मीटर. या एककात पाण्याचा रेणू 1.85 भरतो. काही रेणू मुळातच कायमचे द्विध्रुव असतात ही कल्पना 1912 मध्ये मांडणाऱ्या पीटर डिबाय या डच शास्त्रज्ञाचे नाव या एककाला दिलेले आहे. त्याला 1936 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

द्विध्रुवाभोवतीचे क्षेत्र समजून घ्यायला रेणूपेक्षा मोठे, हाताळता येण्याजोगे उदाहरण सोयीचे पडते. काचेच्या बारीक काडीच्या दोन टोकांना दोन हलक्या गोळ्या बसवल्या आहेत असे समजू. एकीवर 1 नॅनोकूलोम धन प्रभार, दुसरीवर तेवढाच ऋण, आणि दोघींमध्ये 2 सेंटिमीटर अंतर. काडीचा मध्य हा द्विध्रुवाचा मध्य. या मध्यापासून 10 सेंटिमीटरवर क्षेत्र किती, हा प्रश्न. 10 सेंटिमीटर कोणत्या दिशेला मोजायचे, हे मात्र आधी ठरवावे लागते. दोन दिशा मुद्दाम निवडण्याजोग्या आहेत. काडीच्याच रेषेत सरळ पुढे गेले तर ती अक्षीय रेषा. काडीच्या मध्यातून काडीला काटकोनात निघाले तर ती विषुववृत्तीय रेषा. पृथ्वीच्या दोन ध्रुवांच्या बरोबर मधून विषुववृत्त जाते तशी.

आधी अक्षीय रेषा. धन गोळीच्या बाजूने 10 सेंटिमीटरवर उभे राहिले, तर धन गोळी तिथून 9 सेंटिमीटरवर असते आणि ऋण गोळी 11 सेंटिमीटरवर. एकट्या प्रभाराचे क्षेत्र kq/r² या सूत्राने मिळते आणि त्यातला k हा स्थिरांक 9 × 10⁹ आहे. धन गोळीचे क्षेत्र येते सुमारे 1111 न्यूटन प्रति कूलोम, बाहेर ढकलणारे. ऋण गोळीचे येते सुमारे 744, आत ओढणारे. दोन्ही एकाच रेषेत पण विरुद्ध दिशांना असल्यामुळे वजाबाकी होते आणि 367 न्यूटन प्रति कूलोम उरतात. जवळची धन गोळी जिंकते, म्हणून उरलेले क्षेत्र बाहेरच्या दिशेला, म्हणजे द्विध्रुव परिबलाच्याच दिशेला असते.

काडीच्या दुसऱ्या टोकाकडे, ऋण गोळीच्या बाहेर गेले तर काय होते? तिथे ऋण गोळी जवळची असते आणि ती आपल्याकडे ओढते. तिच्याकडे ओढणे म्हणजे त्या बाजूने मध्याकडे, म्हणजेच ऋणाकडून धनाकडे जाणे. तेव्हा तिथेही क्षेत्र p च्याच दिशेला असते. दोन टोकांना दिशा उलट असणार असे मनात येते, पण तसे होत नाही. दिशा उलटते ती फक्त दोन गोळ्यांच्या मधल्या पट्टीत. तिथे क्षेत्र धनाकडून ऋणाकडे, p च्या विरुद्ध जाते. खालचे सूत्र त्या पट्टीसाठी नाही.

आता विषुववृत्तीय रेषा. मध्यापासून काटकोनात 10 सेंटिमीटरवर उभे राहिले की दोन्ही गोळ्या सारख्याच अंतरावर येतात, साधारण 10.05 सेंटिमीटरवर. म्हणून दोन्ही क्षेत्रांचे मूल्यही सारखे, 891 न्यूटन प्रति कूलोम. एक ढकलते, एक ओढते, आणि दोन्ही जवळजवळ विरुद्ध दिशांना असतात, पण अगदी विरुद्ध नसतात. काडीला लंब असलेले त्यांचे भाग एकमेकांना पूर्ण खोडतात. काडीला समांतर असलेले बारीकसे भाग मात्र एकाच दिशेला असतात, त्यांची बेरीज होते. प्रत्येकाचा समांतर भाग 891 च्या दहाव्या हिश्शाहून किंचित कमी, दोघांचा मिळून 177. याची दिशा धन गोळीच्या बाजूकडून ऋण गोळीच्या बाजूकडे, म्हणजे p च्या विरुद्ध.

इथे एक हमखास होणारी चूक नोंदवण्यासारखी आहे. विषुववृत्तीय रेषेवर विद्युत विभव सगळीकडे शून्य असते, कारण दोन्ही प्रभार सारख्या अंतरावर असतात आणि त्यांचे विभव बेरजेत खोडले जाते. त्यावरून ‘तिथे क्षेत्रही शून्य’ असा निष्कर्ष काढला जातो. विभव ही नुसती संख्या आहे, क्षेत्राला दिशा आहे. संख्या खोडल्या गेल्या म्हणून दिशाही खोडल्या गेल्या असे होत नाही. 177 न्यूटन प्रति कूलोम हे क्षेत्र तिथे आहेच.

367 आणि 177 या दोन आकड्यांत जवळजवळ दुपटीचे नाते दिसते. गोळ्यांमधले अंतर r च्या मानाने अगदी लहान धरले, तर हे नाते बरोबर दुपटीचे होते आणि दोन्ही सूत्रे सुटसुटीत होतात: अक्षीय रेषेवर E = 2kp/r³ आणि विषुववृत्तीय रेषेवर E = kp/r³. वरच्या उदाहरणात p = 2 × 10⁻¹¹ कूलोम-मीटर आहे, म्हणून सूत्रे 360 आणि 180 अशी उत्तरे देतात. नेमक्या हिशेबापेक्षा पहिले दोन टक्क्यांनी कमी, दुसरे दीड टक्क्याने जास्त. या दोन रेषांच्या मधल्या तिरक्या दिशांनाही क्षेत्र असतेच. तिथे त्याचे मूल्य कोनाप्रमाणे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडते.

हे ‘2’ येते कुठून? बहुतेक पुस्तकांत ते बीजगणिताच्या पानभर ओळींतून खाली गळून पडते आणि विद्यार्थी ते पाठ करतो. त्याचे कारण मात्र दोन वाक्यांत सांगता येते. 10 सेंटिमीटरवर एकट्या गोळीचे क्षेत्र 900 असते. अक्षावर दोन गोळ्यांच्या अंतरांत 9 आणि 11 असा फरक आहे, म्हणजे 10 च्या मानाने वीस टक्के. क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून अंतरात वीस टक्के फरक पडला की क्षेत्रात सुमारे चाळीस टक्के पडतो. 900 चे चाळीस टक्के म्हणजे 360. विषुववृत्तीय रेषेवर अंतरात फरक नसतोच, फरक असतो तो दिशेत. त्या बिंदूपासून पाहिले तर दोन गोळ्यांच्या दिशा एकमेकींपासून 2 भागिले 10 इतक्या, म्हणजे वीस टक्के फाकलेल्या दिसतात. 900 चे वीस टक्के म्हणजे 180. अक्षावरचा ‘2’ हा व्यस्त वर्गाच्या नियमातला ‘वर्ग’च आहे, दुसरे काही नाही.

त्यावरून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. निसर्गात बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असते, तर अक्षीय क्षेत्र विषुववृत्तीय क्षेत्राच्या तिप्पट आले असते. चौथ्या घाताच्या असते तर चौपट. म्हणजे या दोन रेषांवरच्या क्षेत्रांची तुलना केली की बलाचा नियम कोणता आहे ते उघड होते. गॉटिंगेनला कार्ल फ्रिडरिक गाउस याने 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकी हीच युक्ती चुंबकांवर वापरली. चुंबक हाही बाहेरून पाहता द्विध्रुवच, फक्त त्याचे ध्रुव वेगळे करता येत नाहीत. दूरच्या क्षेत्राची सूत्रे मात्र दोन्हींची सारखी. चुंबक आधी टोकाच्या बाजूने आणि मग कुशीच्या बाजूने होकायंत्रासमोर ठेवून सुईचे विचलन मोजायचे. गाउसला गुणोत्तर दोनच मिळाले.

भारतातल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हा प्रयोग डिफ्लेक्शन मॅग्नेटोमीटरवर कित्येक पिढ्यांनी केला आहे. लाकडी पट्टीच्या मध्यभागी होकायंत्राची गोल डबी, तिच्यात लहानशी चुंबकसुई आणि सुईला काटकोनात लांब ॲल्युमिनियमचा काटा. ‘टॅन ए’ स्थितीत पट्टी पूर्व-पश्चिम ठेवतात आणि चुंबक पट्टीच्या लांबीलाच लावतात, म्हणजे सुई चुंबकाच्या अक्षीय रेषेवर येते. ‘टॅन बी’ स्थितीत पट्टी उत्तर-दक्षिण फिरवतात आणि चुंबक तिला आडवा ठेवतात, म्हणजे सुई विषुववृत्तीय रेषेवर. चुंबक तोच आणि अंतर तेच ठेवून पहिल्या स्थितीत काटा 45 अंश सरकला, तर दुसऱ्या स्थितीत तो अर्धा, म्हणजे साडेबावीस सरकेल असे वाटते. तो सरकतो साधारण साडेसव्वीस अंश, कारण क्षेत्र कोनाच्या नव्हे, त्याच्या स्पर्शकाच्या प्रमाणात असते. 45 चा स्पर्शक 1, साडेसव्वीसचा अर्धा. जर्नलमध्ये कोनांचीच अर्धी-दुप्पट जुळवलेली असली की तपासणाऱ्याला वाचन घरी बसून लिहिले आहे ते लगेच कळते.

हे दुपटीचे नाते जवळ गेले की बिघडते. त्याच काचेच्या काडीपासून 10 ऐवजी 3 सेंटिमीटरवर गेले, तर अक्षावर नेमका हिशेब 16,875 न्यूटन प्रति कूलोम देतो आणि सुटसुटीत सूत्र 13,333; सूत्र एकवीस टक्क्यांनी मागे पडते. विषुववृत्तीय रेषेवर नेमके क्षेत्र सुमारे 5,690, सूत्राने 6,667. इथे सूत्र सतरा टक्क्यांनी पुढे जाते. दोन चुका उलट बाजूंना असल्यामुळे गुणोत्तर दोनच्या जागी जवळजवळ तीन होते. गोळ्यांमधल्या अंतराच्या निदान पाचपट दूर गेल्याशिवाय ही सूत्रे वापरू नयेत, हा व्यवहारातला ठोकताळा वरच्या 10 सेंटिमीटरच्या उदाहरणाला बरोबर लागू पडतो. त्याहून जवळ नेमकी सूत्रे घ्यावीत: अक्षावर 2kpr/(r² − a²)² आणि विषुववृत्तीय रेषेवर kp/(r² + a²)^(3/2). यातला r नेहमी मध्यापासून मोजायचा, जवळच्या गोळीपासून नव्हे. गणितात ‘धन प्रभारापासून 10 सेंटिमीटरवर’ असे असेल तर r = 11 होतो, आणि गुण जातात ते इथेच.

दूर जाताना मात्र द्विध्रुवाचे क्षेत्र झपाट्याने विरते. अंतर दुप्पट केले की एकट्या प्रभाराचे क्षेत्र चौथाई होते, द्विध्रुवाचे आठवा हिस्सा. काडीपासून 20 सेंटिमीटरवर अक्षावर 45 न्यूटन प्रति कूलोमच उरतात. दुरून पाहताना धन आणि ऋण प्रभार एकाच जागी असल्यासारखे वाटू लागतात आणि एकमेकांना झाकून टाकतात, हे याचे साधे कारण. पाण्याच्या रेणूचेही तसेच आहे. त्याच्या अक्षावर 1 नॅनोमीटरवर क्षेत्र सुमारे 11 कोटी व्होल्ट प्रति मीटर असते. हवेत ठिणगी पडायला लागते त्याच्या जवळजवळ 37 पट. आकडा प्रचंड वाटतो, पण त्याच अंतरावर एकट्या इलेक्ट्रॉनएवढ्या प्रभाराचे क्षेत्र त्याच्या तेरा पट असते. 10 नॅनोमीटरवर गेले की ही तफावत एकशेतीस पटींवर जाते.

इथवर द्विध्रुव स्वतः काय करतो ते झाले. आता त्याला दुसऱ्याच्या क्षेत्रात ठेवले तर काय होते ते. सगळ्यात सोपे म्हणजे एकसमान क्षेत्र, जिथे प्रत्येक बिंदूवर क्षेत्राचे मूल्य आणि दिशा तीच असते. एकमेकींपासून 10 सेंटिमीटरवर समांतर ठेवलेल्या दोन मोठ्या धातूच्या पट्ट्यांना 5000 व्होल्टचा पुरवठा जोडला, की त्यांच्या मधोमध 50,000 व्होल्ट प्रति मीटरचे जवळजवळ एकसमान क्षेत्र मिळते. पट्ट्यांच्या कडांजवळ ते फुगते आणि एकसमान राहत नाही, म्हणून काडी मध्यावरच ठेवायची.

धन गोळीवर क्षेत्राच्या दिशेने qE इतके बल लागते, ऋण गोळीवर तेवढेच पण उलट. प्रत्येकी 5 × 10⁻⁵ न्यूटन, म्हणजे साधारण 5 मिलिग्रॅमच्या वजनाइतके, तांदळाच्या एका दाण्यापेक्षाही हलके. दोन्ही बले समान आणि विरुद्ध असल्यामुळे एकूण बल शून्य. काडी डावीकडे सरकत नाही आणि उजवीकडेही नाही. पण बले एका रेषेत नसतील तर काडी फिरू लागते. दोन्ही हातांनी गाडीचे स्टिअरिंग फिरवताना एक हात वर आणि एक खाली जातो, स्टिअरिंग जागचे हलत नाही, फिरते मात्र. अशा बलांच्या जोडीला बलयुग्म म्हणतात आणि तिच्या फिरवण्याच्या ताकदीला टॉर्क. मराठीत टॉर्कलाही कधी कधी परिबलच म्हणतात. इथे द्विध्रुव परिबलाशी गोंधळ होऊ नये म्हणून टॉर्क हाच शब्द ठेवला आहे. बोलीतला ‘पीळ’ही त्याला चपखल बसतो.

बलयुग्माचा टॉर्क म्हणजे एक बल गुणिले दोन बलरेषांमधले लंब अंतर. काडी क्षेत्राशी θ कोन करत असेल तर हे लंब अंतर 2a sinθ असते. म्हणून टॉर्क qE × 2a sinθ, आणि q × 2a म्हणजेच p असल्यामुळे:

τ = pE sinθ

काडी क्षेत्राला काटकोनात धरली तर पीळ सगळ्यात जास्त, आपल्या उदाहरणात 10⁻⁶ न्यूटन-मीटर. 30 अंशांवर बरोबर त्याच्या निम्मा. काडी क्षेत्राच्या रेषेत आली की शून्य, कारण तेव्हा दोन्ही बले एकाच रेषेतून ओढतात आणि फिरवायला भुजाच उरत नाही. शिवाय हा टॉर्क काडी कुठल्या बिंदूभोवती फिरते यावर अवलंबून नसतो. काडी मध्यावर टांगली काय किंवा टोकावर खिळली काय, बलयुग्माचा पीळ तोच राहतो.

काडी क्षेत्राच्या रेषेत येण्याच्या दोन तऱ्हा आहेत. धन गोळी क्षेत्राच्या दिशेला असेल तर θ शून्य. अशा वेळी काडीला बोटाने किंचित ढकलले तर पीळ तिला परत जागेवर आणतो, ती थोडी हेलकावते आणि स्थिरावते. ही स्थिर समतोलाची अवस्था. काडी उलटी, म्हणजे θ 180 अंश असेल तरी टॉर्क शून्यच. पण तिथे ती सुईच्या टोकावर उभ्या केलेल्या लिंबासारखी असते. जराशी ढळली की पीळ तिला आणखी ढळवतो आणि ती गर्रकन फिरून पहिल्या अवस्थेत जाते. पहिल्या अवस्थेतून दुसरीत न्यायला 2pE इतके काम करावे लागते, इथे 2 × 10⁻⁶ ज्यूल. याचे कारण द्विध्रुवाची स्थितिज ऊर्जा −pE cosθ असते: सरळ असताना −pE, उलटा असताना +pE. टॉर्कमध्ये sin आणि ऊर्जेत cos हे डोक्यात पक्के नसेल तर 90 अंशांवर घोटाळा होतो. तिथे टॉर्क सर्वात जास्त, ऊर्जा मात्र शून्य.

काचेची काडी काढून त्याच पट्ट्यांमध्ये पाण्याची वाफ भरली तर? पाण्याच्या प्रत्येक रेणूलाही असाच पीळ बसतो, जास्तीत जास्त 3.1 × 10⁻²⁵ न्यूटन-मीटर. पुस्तकांतल्या चित्रांत या वेळी सगळे रेणू शिस्तीत एका रांगेत, कवायतीतल्या मुलांसारखे उभे दाखवलेले असतात. ते चित्र फसवे आहे. खोलीच्या तापमानाला रेणू एकमेकांवर सतत आदळत, गिरक्या घेत असतात आणि या धक्काबुक्कीची ऊर्जा सुमारे 4.1 × 10⁻²¹ ज्यूल असते. पीळ देणारी ऊर्जा pE तिच्या तेरा हजाराव्या हिश्शाइतकी. एखादा रेणू क्षेत्राकडे वळू लागला की पुढच्याच क्षणी दुसरा येऊन त्याला भलतीकडे फिरवतो. सरासरीने सगळ्या रेणूंचा क्षेत्राकडे जो कल राहतो, तो पूर्ण रांगेच्या फक्त चाळीस हजारावा हिस्सा. हवेत ठिणगी पडेपर्यंत, म्हणजे 30 लाख व्होल्ट प्रति मीटरपर्यंत क्षेत्र वाढवले तरी pE ही ऊर्जा धक्काबुक्कीच्या सव्वादोनशेव्या हिश्शाच्या आसपासच राहते.

या एवढ्याशा कलाचा परिणाम मात्र मोजता येतो, कारण रेणूंची संख्या अफाट असते. आणि तापमान वाढवले की धक्काबुक्की वाढते आणि कल घटतो. डिबायने हेच पकडले. पदार्थाच्या विद्युत गुणधर्माचा एक भाग तापमानाबरोबर उतरत जातो आणि तो उतार रेणूंच्या कायमच्या द्विध्रुव परिबलावर ठरतो. वेगवेगळ्या तापमानांना मोजमापे घेऊन त्या उतारावरून p काढता येतो.

स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पिळावर चालतो. त्यातले क्षेत्र सेकंदाला 245 कोटी वेळा उलटसुलट होते. पाण्याचे रेणू त्यामागे वळायचा प्रयत्न करतात, शेजारच्या रेणूंमुळे मागे पडतात, आणि या मागे पडण्यात क्षेत्राची ऊर्जा उष्णतेत जाते. रेणू या विशिष्ट वारंवारतेला ‘अनुनाद’ करतात म्हणून अन्न तापते, असे वारंवार छापले जाते. ते खरे नाही. द्रव पाणी सर्वात जास्त ऊर्जा शोषते ते याच्या कितीतरी वरच्या वारंवारतेला.

एकसमान क्षेत्रात द्विध्रुवाला फक्त पीळ बसतो, ओढ लागत नाही. क्षेत्र जागोजागी बदलत असेल तर हे चित्र बदलते. धन गोळीजवळचे क्षेत्र आणि ऋण गोळीजवळचे क्षेत्र वेगळे, म्हणून दोन बले सारखी राहत नाहीत आणि काही ओढ शिल्लक उरते. द्विध्रुव आधी पिळाने वळतो आणि मग क्षेत्र जिकडे जोरकस तिकडे ओढला जातो. मिठाचा खडा पाण्यात विरघळतो तेव्हा सोडियमच्या आयनाभोवती हेच होते. आयनाच्या केंद्रापासून पाण्याच्या ऑक्सिजनपर्यंत सुमारे 0.24 नॅनोमीटर अंतर असते. तिथे आयनाचे क्षेत्र सुमारे 2500 कोटी व्होल्ट प्रति मीटर आणि ते अंतराबरोबर वेगाने बदलणारे. त्या क्षेत्रात pE धक्काबुक्कीच्या सुमारे 37 पट होते. पट्ट्यांमध्ये जो रेणू क्षेत्राला जुमानत नव्हता, तोच इथे ऑक्सिजनचे टोक आयनाकडे करून जखडून राहतो. इतक्या जवळून रेणूला बिंदूएवढा द्विध्रुव धरणे काटेकोर नाही, 3 सेंटिमीटरवरच्या काडीसारखेच. पण 37 चा आकडा काही अंशांनी इकडेतिकडे झाला तरी निष्कर्ष बदलत नाही.

कोरड्या केसांत घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ धरला की धार कंगव्याकडे वळते. हा खेळ पाठ्यपुस्तकांत पाण्याच्या रेणूंच्या द्विध्रुवाचा पुरावा म्हणून दिला जातो: रेणू वळतात आणि ओढले जातात. वरचा हिशेब डोळ्यासमोर असेल तर शंका येते. कंगव्याचे क्षेत्र हवेत ठिणगी पडण्याच्या मर्यादेखालीच असते, म्हणजे त्यात रेणूंचा कल हजारात एक-दीड इतकाही नसतो, आणि ओढीसाठी लागतो तो क्षेत्राचा चढ-उतारही बेताचाच. प्रत्यक्षात धार वळते ती मुख्यतः दुसऱ्याच कारणाने. नळाच्या पाण्यात आयन असतात. कंगव्याच्या प्रभावाने त्यातले एका जातीचे आयन धारेच्या टोकाकडे जमतात आणि थेंब तुटताना प्रभार घेऊनच सुटतात. प्रभारित थेंबांना ओढायला क्षेत्र बदलते असण्याची गरज नसते, त्यांना एकसमान क्षेत्रही ओढते. तपासायचे कसे तेही सोपे आहे. कंगव्याऐवजी समांतर पट्ट्यांमधल्या एकसमान क्षेत्रातून धार सोडायची. निव्वळ द्विध्रुव असते तर त्यांना तिथे फक्त पीळ बसून धार सरळ राहिली असती. प्रभारित धार तिथेही वळते.